दोन मिनिटं नुसतं पाहा

मी तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्यातली निम्मी मुलांवर खेकसण्यात घालवली. मुलं पाहत नाहीत, हे माझं कायमचं रडगाणं. समोर जास्वंदीचं फूल ठेवलं तरी कागदावर उमटतं ते पाठ झालेलं पाच पाकळ्यांचं फूल. निवृत्त झाल्यावर पालघरच्या एका छोट्या खासगी संग्रहालयात शाळांच्या सहली सांभाळायचं काम मिळालं, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात कामपत्रिका तयार करायला घेतली. आजवर तिथे यायची मुलं म्हणजे रांगेत शिरायची, काचांवर नाक घासायची, पाट्या वहीत उतरवायची आणि डबे खाऊन परत जायची. मनात म्हटलं, आता तुम्हाला पाहायला लावते की नाही बघा.

कामपत्रिका एका कागदाची, मधोमध दुमडलेली. वस्तू फक्त तीन. संग्रहालयात चारशे असल्या तरी तीनच. प्रत्येक वस्तूसाठी त्याच चार गोष्टी. आधी दोन मिनिटं नुसतं पाहा. पेन्सिल खाली, पाटी वाचायची नाही. मग काय दिसतं ते लिहा. काय वाटतं ते नंतर. एक बारीकशी खूण निवडा आणि तेवढीच मोठी करून काढा. आणि शेवटी, पाटीवर ज्याचं उत्तर नाही असा एक प्रश्न लिहा. कागदाच्या तळाशी एक चौकट होती. तीनपैकी तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इथे लिहा आणि पेटीत टाका, संग्रहालय उत्तर कळवेल. ही शेवटची ओळ माझीच. मला ती फार आवडली होती.

मोठ्यांसाठीही एक नियम केला होता. मुलांनी विचारलं तरी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नाही. शिक्षकांना उत्तर द्यायची खोडच असते, मला माझीच माहीत आहे. उत्तर मिळालं की मूल पाहणं थांबवतं. म्हणून विचारणाऱ्याला म्हणायचं, छान, कागदावर लिही.

तीन वस्तूंपैकी पहिली वीरगळीचा अर्धा तुकडा, ज्यावर होडी आणि वल्ही दिसतात. दुसरी ताडी काढणारा कमरेला बांधतो ती कोयता अडकवायची लाकडी आकडी. तिसरी वस्तू मला आजची हवी होती. जुनं म्हणजेच संग्रहालय, हे मुलांच्या डोक्यातून काढायचं होतं. ती मी स्वतः आणली होती. जाळ्याचा बोया, पाण्यावर तरंगतो तो, नारळाएवढा, पिवळ्या प्लॅस्टिकचा, उन्हाने फिका पडलेला. आदल्या वर्षी मार्गशीर्षात मी तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला गेले होते, तिथे भरतीच्या रेषेवर तो पडला होता. त्याच्यावर तापलेल्या सळईने डाग देऊन एक निशाणी केलेली होती. दोन रेघांची फुली आणि तिच्याखाली तीन आडव्या रेघा. किनाऱ्यावरच्या घराघराची अशी स्वतःची निशाणी असते. समुद्रात दहा जणांची जाळी एकमेकांत गुंतली तर कुठला बोया कुणाचा ते निशाणीवरून कळतं. एवढं मला ठाऊक होतं. पाटीवर मी लिहिलं, ‘मासेमारीच्या जाळ्याचा बोया. प्लॅस्टिक. चालू काळ.’ निशाणी कुणाची ते शोधायचं मला सुचलंच नाही. मुलांना चित्र काढायला छान खूण मिळाली, एवढ्यावरच मी खूश होते.

जानेवारीत बोईसरच्या पलीकडची एक शाळा आली. सातवीचा वर्ग. निम्मी मुलं किनाऱ्यावरच्या कोळी घरांतली, उरलेली औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची, आपसात हिंदी बोलणारी. बरोबर एक सर होते, घाटावरचे, नोकरीसाठी इकडे आलेले, गरीब स्वभावाचे. मी मुलांचे तीन गट केले, प्रत्येकाला पुठ्ठा, चिमटा आणि पेन्सिल दिली, आणि शिट्टी वाजली की गट पुढच्या वस्तूकडे सरकेल असं सांगितलं.

शिट्टी वाजली, बोयाजवळचा गट सरकला, एक मुलगी मात्र हलली नाही.

सडपातळ, घट्ट वेण्या, गणवेशाची बाही उसवलेली. ती काचेला टेकली नव्हती, एक पाऊल मागेच उभी होती. तिचा कागद मी वरून पाहिला. तिने निशाणी काढली होती, पण तिसरी आडवी रेघ उजवीकडे खाली घसरलेली. बाकीच्या सगळ्यांनी ती सरळ काढली होती. मी बोयाकडे पाहिलं. रेघ खरोखरच घसरलेली होती. वर्षभर तो बोया माझ्या नजरेसमोर होता आणि मला ते दिसलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, शाबास, तूच एक खरं पाहिलंस.

ती म्हणाली, “मॅडम, ह्याला दोरी होती काय?”

“छान प्रश्न आहे. लिही कागदावर.”

“पन होती ना? तुमाला म्हाईत हाय?”

“उत्तरं नंतर. आधी लिही, आणि पुढे चल. दुसरा गट थांबलाय.”

ती तरीही हलेना. मग मी खेकसले. सवयच ती. तिने मान खाली घातली, चौकटीत काहीतरी लिहिलं आणि कागद पेटीत टाकला. बसमध्ये चढण्याआधी मात्र ती एकटी परत आली. 

“उत्तर येनार ना मॅडम?”

“येणार म्हणजे येणारच,” मी म्हणाले. कागदावर छापलंच होतं तसं.

त्या संध्याकाळी मी पेटी उघडली, कागद मोजले, शाळेच्या नावाची चिठ्ठी लावून सुतळीने बांधले आणि कपाटात ठेवले. विश्वस्तांना द्यायच्या अहवालात किती शाळा, किती मुलं, दोन फोटो एवढंच लागायचं. प्रश्नांचा रकाना त्यात नव्हता. फेब्रुवारीत सहलींची रीघ लागली, मार्चमध्ये परीक्षा, मग माझा गुडघा. कपाटात गठ्ठे वाढत गेले. एकाही मुलाला एकही उत्तर गेलं नाही. कुणी आठवणही केली नाही. मुलं विसरतात, मी स्वतःला सांगायचे. आपण विसरलो की असंच सांगायचं असतं.

मे महिन्यात संग्रहालयात माशी फिरकत नव्हती. पुढच्या वर्षासाठी कामपत्रिका सुधारावी म्हणून मी गठ्ठे सोडले. मुलांचे प्रश्न वाचताना हसू येत होतं. वीरगळीवरच्या माणसाला पोहता येत होतं का? आकडी कमरेला टोचत नाही का? ताडी काढणारा वरून पडला तर आकडी कुणाला मिळते? चांगले प्रश्न होते. मग तिचा कागद हाती आला.

काय दिसतं, याखाली तिने लिहिलं होतं: ‘बोया पिवळा. वरचं भोक घासलेलं. निशाणी आमची. तिसरी रेघ वाकडी कारण सळई गरम होती आणि माझा हात हालला. बाबा हसले.’

तळच्या चौकटीत: ‘बोया सापडला तेव्हा दोरी कापलेली होती का तुटलेली? कुणाला सांगू नका. मला एकटीला सांगा.’

मी तो कागद तीनदा वाचला. नंतर चष्मा काढला, पुसला आणि चौथ्यांदा वाचला.

सरांना फोन लावला. ते सुट्टीला गावी गेले होते. मुलीचं वर्णन करताच म्हणाले, हो हो, ती. तिच्या वडिलांची बोट दीड वर्षापूर्वी दिवाळीनंतर उत्तरेच्या पाण्यात गेली, तीन खलाशी बरोबर. परत आलीच नाही. मधे वादळ झालं होतं. पण त्याच दिवसांत समुद्रातल्या हद्दीजवळ पलीकडच्या देशाच्या गस्तीने आपल्या बोटी पकडल्या, असंही ऐकू आलं होतं. त्यामुळे गाव म्हणतं, पकडले असतील, तुरुंगात असतील, सुटतील. पकडलेल्यांची यादी आली की तिची आई कोळगावला जाते, जिल्हा मुख्यालयात नवऱ्याचं नाव शोधायला. अजून नाव आलेलं नाही. नाव आलं नाही म्हणजे मेला असंही नाही, असं ती म्हणते.

“पण दोरी कापलेली का तुटलेली, यात काय आहे हो?” मी विचारलं.

सरांना माहीत नव्हतं. मला सांगितलं ते संग्रहालयाच्या झाडलोटीला येणाऱ्या बाईंनी. त्यांचं माहेर किनाऱ्यावरचं. हातातला झाडू खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, “पकडायला बोट आली ना ताई, का जाळं वढायला येळ नसतो. कोयत्यानं दोरी तोडायची नि पळायचं. नायतर ते येऊन तोडतात. कापलेली दोरी म्हंजे मानसं तेवा जिती व्हती. तुटलेली म्हंजे दर्यानं तोडली.”

दोरी होती. बोया सापडला तेव्हा होती, हाताच्या बोटाएवढी जाड, हिरवी, वीतभर लांब, बोयाच्या भोकातून ओवलेली. तिला शेवाळ आणि कसलीशी बारीक शिंपली चिकटलेली होती. घाण वास येत होता. त्या सकाळी मी बोया घरी उमरोळीला आणला, मोरीत घासला, आणि दोरीची गाठ सुटेना म्हणून भाजीच्या सुरीने ती भोकाजवळ कापून काढली. कचऱ्याच्या बादलीत टाकली. वर हात साबणाने दोनदा धुतले.

मी आवक नोंदवही काढली. अक्षर माझंच, वळणदार, चित्रकलेच्या बाईंचं. बोया. तारापूर बाजूचा किनारा. तारीख. शेरा: ‘दोरी सडकी, काढून टाकली. वस्तू स्वच्छ केली.’

त्या दोरीचं दुसरं, मोकळं टोक कसं होतं? तंतू पिंजारलेले होते की सरळ? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मोरी आठवली, सुरी आठवली, वास तर नाकात आला. टोक आठवेना. मी ते पाहिलंच नव्हतं.

विश्वस्तांना सांगितलं. ते म्हणाले, वस्तू ज्यांची त्यांना परत करा, परतीचा फॉर्म भरून घ्या, बाकी भावनिक होऊ नका. मी बोया कापडी पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी बोईसरला उतरून रिक्षाने त्यांच्या गावी गेले. वाटेत मी ठरवत होते. काय बिघडतं? ‘कापलेली होती’ म्हणावं. एका शब्दाचं काम. मुलगी आणि आई आणखी काही वर्षं तगतील. मग वाटायचं, खरंच तुटलेली असेल तर? कायमची त्या याद्यांच्या मागे लावू का मी त्यांना? मला स्वतःचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

गावाच्या टोकाला बांबूंच्या उभ्या मांडवांवर बोंबील वाळत होते. मुलगी तिथेच होती, वाळलेले काढून टोपलीत भरत होती. मला तिने लांबूनच ओळखलं. पिशवीकडे पाहिलं आणि धावत आली. 

“मॅडम, आईला दाकवू नका. आदी मला सांगा.”

आम्ही मांडवाच्या आडोशाला उभ्या राहिलो. ऊन मी म्हणत होतं. तिने चार महिने घरात एक अक्षर काढलं नव्हतं. बोया संग्रहालयात आहे हेसुद्धा नाही. उत्तर आलं की मगच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. कापलेली असेल तर सांगायचं. तुटलेली असेल तर नाही सांगायचं. तेरा वर्षांच्या पोरीने हे एकटीने ठरवलं होतं, आणि पोस्टमन रोज तिच्या दारावरून पुढे जात होता.

“तर मग?” ती म्हणाली. “कापलेली का तुटलेली?”

शब्द तोंडात तयार होता. पण ती माझ्याकडे तशीच पाहत होती जशी त्या दिवशी बोयाकडे पाहत होती. हलत नव्हती. 

“बाळा, दोरी होती. पण मी ती घरी कापून टाकून दिली. तिचं दुसरं टोक मी बघितलं नाही.”

तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, “थोडं पन नाय?”

“नाही.”

“दोन मिनटं पन नाय पायलं?”

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. पण नाही, तिला खरोखर विचारायचं होतं. कागदावर पहिलंच वाक्य ते होतं. कागद लिहिणाऱ्या बाईने ते केलं असणार, असं ती धरून चालली होती.

मी काही बोलायच्या आत तिची आई आली. कपाळाला मोठं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, कमरेला खोचलेलं लुगडं. पोरगी कुणाशी बोलते आहे ते पाहायला आली होती. मुलीचा चेहरा पाहून तिने पिशवी माझ्या हातातून घेतली. मागितली नाही, घेतली. बोया बाहेर काढला, फिरवला, आणि तिचा अंगठा वाकड्या रेघेवर थांबला.

मग तिने विचारलं, कुठं? मी सांगितलं. कधी? मी तारीख सांगितली. तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. बोट निघाल्यापासून तो दिवस किती दिवसांनी, ते तिला मोजायचं होतं. वादळही त्याच्या आतलं आणि पकडापकडीही त्याच्या आतलीच. मोजून काहीच निघेना. तिने पुन्हा मोजलं. मग तिने बोया उलटा केला, भोकात बोट घातलं. तिथे माझ्या सुरीचा चरा होता.

“दोरी?” ती म्हणाली.

मुलगी म्हणाली, “मॅडमनी फेकली.”

मी वाट पाहत होते की ती शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तिने मला मांडवाच्या सावलीत बसायला सांगितलं आणि मुलीला पाणी आणायला पाठवलं. पाहुणी होते ना मी. ते पाणी कसं प्यायले ते माझं मला माहीत.

नंतर मी फॉर्म काढला. काढायला नको होता. पण मी सरकारी शाळेतून निवृत्त झालेली बाई, हातात कागद असला की मला भरायचा असतो. तिला वाचता येत होतं. तिने हळूहळू वाचलं: वस्तू परत मिळाली. सही, मालक किंवा वारस. लागू नसेल ते खोडावे.

ती त्या ओळीवर थांबली. मी पेन पुढे केलं होतं. ते तिने घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. मुलगी तिच्या खांद्यावरून पाहत होती. 

“मालकाची सही मी कशी करू?” आई म्हणाली. “तो येऊन करील.”

“मग दुसऱ्यावर...” मी बोलून गेले आणि जीभ चावली.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. “ह्यातलं कुठलं खोडायचं, ते त्या दोरीवर व्हतं ना, मॅडम? आता तुमी सांगा कुठलं खोडू.”

तिने पेनाला टोपण लावलं, कागद घडी घालून मला परत दिला आणि बोयाही पिशवीत घालून दिला. सहीशिवाय कशाला ठेवू, म्हणाली, तुमच्या वहीत घोळ होईल. मी म्हटलं, घोळ होऊ दे, ठेवा, तुमचाच आहे. तिने मान हलवली. घरात ठेवला तर रोज भोकात बोट घालीन, म्हणाली.

मुलगी मला रिक्षापर्यंत सोडायला आली. तिने विचारलं, संग्रहालयात त्या बोयाखालची पाटी बदलाल का? काय लिहू, मी विचारलं. ती विचार करत थोडं चालली. मग म्हणाली, “दोरी होती, असं लिवा.”

तेवढं मी केलं. बोया पुन्हा काचेमागे आहे. कामपत्रिकेवरची शेवटची ओळ मी काढली नाही, पण आता पेटी त्याच संध्याकाळी उघडते, प्रत्येक प्रश्न वाचते, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं पोस्टकार्डावर कळवते. मुलं दोन मिनिटं पाहत असतात तेव्हा मीही त्यांच्या मागे उभी राहते. वीतभर हिरवी दोरी डोळ्यांसमोर येते, तिला चिकटलेली शिंपली येतात, माझा सुरी धरलेला हात येतो. टोक अजून आलेलं नाही.

फॉर्म नोंदवहीत बोयाच्या नोंदीच्या पानात आहे. मालक किंवा वारस. दोन्ही शब्द तसेच आहेत, आणि खाली जिथे तिने पेन टेकवून ठेवलं होतं तिथे शाईचा एक ठिपका पसरलेला आहे.